अँटासिड गोळीतलं कार्बोनेट: बॅक टायट्रेशनमध्ये उत्तर कमी का येतं

प्रश्न: एस.वाय. बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल आहे. गोळीच्या पाकिटावर कॅल्शियम कार्बोनेट ५०० मिग्रॅ लिहिलंय. ५ गोळ्यांचं वजन ६.४८० ग्रॅम भरलं. त्यांची पूड करून ०.३२४० ग्रॅम घेतली, ०.१ नॉर्मल HCl ५० मिली टाकलं, बुडबुडे थांबेपर्यंत हलवलं आणि ०.१ नॉर्मल NaOH ने फिनॉल्फ्थॅलीन घालून टायट्रेट केलं. रीडिंग २६.७, २७.६, २७.३ आली. उत्तर ४५६ मिग्रॅ येतंय. गुलाबी रंग येतो आणि परत जातो. नक्की कुठे चुकतंय?

उत्तर:

तुझं गणित बरोबर आहे, आधी ते सांगून टाकते म्हणजे कॅल्क्युलेटरवर परत वेळ जाणार नाही. सरासरी २७.२, ५० मधून वजा केली की २२.८ मिली ॲसिड गोळीने खाल्लं, ०.१ नॉर्मल ॲसिडच्या १ मिलीला ५.००४ मिग्रॅ कार्बोनेट, म्हणजे ११४.१ मिग्रॅ, आणि एका गोळीचं सरासरी वजन १.२९६ ग्रॅम म्हणजे तू घेतलेल्या पुडीच्या बरोब्बर चौपट, तर ४५६. गडबड फ्लास्कमध्ये आहे, आणि ती काय आहे ते तू स्वतःच शेवटच्या ओळीत लिहिलंयस, रंग येतो आणि जातो.

फ्लास्कमध्ये CO2 शिल्लक आहे. बुडबुडे थांबले म्हणजे गॅस संपला असं नसतं, बुडबुडे थांबले याचा अर्थ एवढाच की आता नवीन गॅस तयार होत नाहीये. जो तयार झाला त्यातला बराचसा उडून गेला, पण थोडा पाण्यात विरघळून बसलाय, आणि नुसतं हाताने हलवून तो पूर्ण जात नाही, सोड्याची बाटली उघडून ठेवली तरी ती लगेच पाण्यासारखी होत नाही ना, तसंच.

```
CaCO3 + 2HCl -> CaCl2 + CO2 + H2O
HCl + NaOH -> NaCl + H2O
CO2 + NaOH -> NaHCO3
```

पहिल्या दोन ओळी तुझ्या जर्नलमध्ये असतील, तिसरी नसेल, आणि सगळा घोळ त्या तिसरीत आहे. फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी व्हायला लागतं साधारण पीएच ८.३ च्या पुढे, आणि तिथपर्यंत पोचायचं तर उरलेलं HCl संपवून झाल्यावर विरघळलेला CO2 सुद्धा बायकार्बोनेट करावा लागतो, त्यासाठी NaOH जास्त जातं. आता बॅक टायट्रेशनमध्ये NaOH जास्त गेलं की आपण काय समजतो, ॲसिड जास्त उरलं होतं. ॲसिड जास्त उरलं म्हणजे गोळीने कमी खाल्लं. म्हणजे कार्बोनेट कमी. ही उलटी दिशा एकदा डोक्यात पक्की बसवून घे, कारण या प्रयोगातली प्रत्येक चूक तपासताना हीच लागते: ब्युरेटचं रीडिंग वाढलं की उत्तर घटतं.

रंग येऊन जातो त्याचं कारण पण हेच. HCl आणि NaOH ची रिॲक्शन क्षणात होते पण विरघळलेल्या CO2 ची NaOH शी रिॲक्शन त्या मानाने हळू चालते, त्यामुळे थेंब पडला की आधी गुलाबी दिसतं आणि पाच-दहा सेकंदांत CO2 त्या थेंबाला गाठतो आणि रंग जातो. मग तू अजून एक थेंब टाकतेस किंवा टाकतोस, परत तेच. कुठे थांबायचं हे प्रत्येक वेळी वेगळं ठरतं म्हणून तुझी तीन रीडिंग ०.९ मिलीच्या पट्ट्यात पसरलीत. ५० मिलीच्या ब्युरेटवर बऱ्या हाताने ०.१ मिलीत रीडिंग यायला हवीत, आणि तुझ्या या सेटअपमध्ये ०.१ मिली म्हणजे एका गोळीमागे २ मिग्रॅ, तेव्हा ०.९ म्हणजे १८ मिग्रॅचा फरक नुसत्या हलवण्यातल्या कमीजास्तीने पडतोय. (अर्ध्या-एक मिनिटाने रंग फिका झाला तर ती हवेतल्या CO2 ची कृपा, त्याकडे लक्ष द्यायचं नाही. ३० सेकंद टिकला की एंड पॉइंट.)

उपाय सोपा आहे, उकळायचं. ॲसिड टाकून फेस बसला की कॉनिकलच्या तोंडावर छोटं फनेल ठेव आणि बर्नरवर मंद उकळी आणून पाच मिनिटं तशीच ठेव. फनेल यासाठी की उडालेले शिंतोडे परत खाली जावेत, आणि शेवटी फनेलचं देठ आणि फ्लास्कच्या भिंती डिस्टिल्ड वॉटरने आत धुवून घ्यायच्या. इथे जवळजवळ सगळे विचारतात की उकळताना HCl पण उडून जाणार नाही का. नाही जात, निदान मोजता येईल एवढं तरी नाही. इतक्या पातळ ॲसिडमधून उकळताना वाफ जाते ती जवळपास पूर्ण पाण्याचीच असते, HCl मागेच राहतं. फक्त फ्लास्क कोरडा पडेपर्यंत उकळू नकोस, पाणी फार आटलं तर वरून डिस्टिल्ड वॉटर घाल, पाणी किती घातलं याने उत्तरात काहीच फरक पडत नाही कारण ॲसिड आपण आधीच मोजून टाकलंय.

उकळल्यावर नळाखाली धरून फ्लास्क पूर्ण गार कर आणि मगच इंडिकेटर टाक. गरम द्रावणात फिनॉल्फ्थॅलीनचा रंग नीट कळत नाही आणि वाफ ब्युरेटच्या टोकाला लागते ते वेगळंच. द्रावण दुधाळ राहिलं तरी घाबरू नकोस, गोळीत स्टार्च, टाल्क, मॅग्नेशियम स्टिअरेट असं काहीबाही असतं, टाल्क विरघळत नाही, स्टिअरेट वर तरंगतं, स्टार्च उकळून फुगतं. यांनी रीडिंग बिघडत नाही, फक्त रंग ओळखायला त्रास होतो, त्यासाठी खाली पांढरी टाइल ठेव. पूड खलात अगदी बारीक झाली पाहिजे आणि ॲसिडच्या आधी दोन-तीन मिली पाण्याने ओली करून घे, नाहीतर कोरड्या पुडीच्या गाठी होतात आणि गाठीच्या आतलं कार्बोनेट तसंच राहतं. ॲसिड पण ब्युरेट किंवा पिपेटमधून फ्लास्कच्या भिंतीवरून हळूहळू सोड, एकदम ओतलंस तर फेस वर येऊन पूड मानेला चिकटते.

आता दुसरी गोष्ट, जी तू लिहिलेली नाहीस पण मला शंका आहे. तुझं HCl आणि NaOH दोन्ही खरंच ०.१ नॉर्मल होतं का, की बाटलीवर तसं लिहिलं होतं? NaOH हवेतलं पाणी आणि CO2 दोन्ही ओढतं, वजन करून कधीच नेमकं ०.१ बनत नाही आणि बनवलं तरी तसं राहत नाही. ते पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने स्टँडर्डाइज करावंच लागतं, त्याच फिनॉल्फ्थॅलीनने. HCl चं वेगळं स्टँडर्डायझेशन सोडियम कार्बोनेटने करता येतं, पण माझं मत विचारशील तर त्यापेक्षा ब्लँक घे. म्हणजे गोळी न टाकता तेच HCl, तेवढंच पाणी, तसंच फनेल ठेवून पाच मिनिटं उकळून गार करून त्याच NaOH ने टायट्रेट करायचं. यात HCl ची नॉर्मॅलिटी माहीत असायची गरजच उरत नाही, आणि डिस्टिल्ड वॉटरमधली बारीकसारीक भानगड पण वजा होऊन जाते. NaOH थोडं जुनं असेल, त्यात कार्बोनेट झालं असेल, तर स्टँडर्डायझेशन, ब्लँक आणि सँपल तिन्ही एकाच इंडिकेटरने केल्यामुळे ती चूक बरीचशी एकमेकांत मिटते. एक फिनॉल्फ्थॅलीनने आणि दुसरं मिथिल ऑरेंजने केलंस तर मिटत नाही, उलट वाढते.

एक उदाहरण आकड्यांत करून दाखवते. पूड तुझीच धर, ०.३२४० ग्रॅम. समजा NaOH स्टँडर्डाइज केलं तर ०.०९८५ नॉर्मल निघालं. ब्लँकला पूर्ण ५० मिली HCl घेतलं तर ब्युरेट परत भरावी लागेल, म्हणून २५ मिली घेतलं आणि रीडिंग आलं २५.७०, म्हणजे ५० मिलीला ५१.४०. सँपल उकळून गार करून केलं तर रीडिंग २६.१०, २६.१५, २६.१०, एंड पॉइंट २६.१० धरू. मग:

```
५१.४० − २६.१० = २५.३० मिली NaOH चा फरक
२५.३० × ०.०९८५ = २.४९२ मिलीइक्विव्हॅलंट
२.४९२ × ५०.०४ = १२४.७ मिग्रॅ CaCO3 (०.३२४० ग्रॅम पुडीत)
१२४.७ × १.२९६ / ०.३२४० = ४९८.८ मिग्रॅ प्रति गोळी
```

५०.०४ कुठून आले ते परीक्षेत विचारतात, CaCO3 चं मोलर वजन १००.०९ आणि एका कार्बोनेटला दोन HCl लागतात म्हणून निम्मं. हा निम्मा करायचा विसरला की उत्तर बरोब्बर दुप्पट येतं, हजार मिग्रॅच्या आसपास, तेव्हा चूक लगेच ओळखू येते.

आता याच उदाहरणात ब्लँक न घेता दोन्ही द्रावणं ०.१ धरली असती तर? ५० − २६.१० = २३.९०, गुणिले ५.००४ म्हणजे ११९.६, गोळीला ४७८ मिग्रॅ. नुसत्या बाटलीवरच्या लेबलवर विश्वास ठेवला म्हणून २० मिग्रॅ गेले. आणि त्यावर उकळलं पण नाही आणि CO2 ने अजून १.१ मिली NaOH खाल्लं, रीडिंग २७.२ झालं, तर अजून २२ मिग्रॅ गेले आणि उत्तर ४५६. म्हणजे तुझा आकडा. तुझ्या बाबतीत वाटणी नेमकी अशीच झाली असेल असं मी म्हणत नाही, तुझी द्रावणं मी बघितलेली नाहीत, पण दोन छोट्या चुका एकाच दिशेने पडल्या की ४०-४५ मिग्रॅ सहज गायब होतात आणि दोष गोळीवर येतो.

आता पुडीच्या वजनाबद्दल. तू चौथाई गोळीएवढी घेतलीस ते योग्य आहे, निम्मं ॲसिड गोळीला आणि निम्मं ब्युरेटला असं झालं की सगळ्यात बरं. ०.१ ग्रॅमच घेतली असती तर दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून छोटा आकडा काढावा लागला असता आणि ब्युरेटची तेवढीच चूक त्यात कितीतरी मोठी झाली असती. उलट ०.७ ग्रॅम घेतली तर त्यातल्या २७० मिग्रॅ कार्बोनेटला ५४ मिली ॲसिड लागतं आणि तू टाकलंयस ५०, म्हणजे ॲसिडच संपलं, मागे टायट्रेट करायला काही उरलंच नाही. हे कळण्यासाठी उकळून झाल्यावर काचेच्या कांडीने एक बारीक थेंब पीएच पेपरवर लाव, पीएच २ च्या खाली दिसला पाहिजे. नसेल तर ते सँपल टाकून दे आणि कमी पुडीने परत सुरू कर.

कोणी सांगेल की उकळायची कटकट कशाला, मिथिल ऑरेंज वापर. तत्त्वात बरोबर आहे. मिथिल ऑरेंज पीएच ३.१ ते ४.४ मध्ये बदलतं आणि तिथे विरघळलेला CO2 जवळपास तसाच राहतो, बायकार्बोनेट होतच नाही, त्यामुळे NaOH वाया जात नाही. पण चघळायच्या गोळ्या बऱ्याच वेळा गुलाबी, पिवळ्या, केशरी असतात आणि रंगीत दुधाळ द्रावणात लालसरचं पिवळं कधी झालं हे ठरवणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा आहे, नवीन हाताला तर मी नाहीच सांगणार. पांढरी गोळी असेल तर ब्रोमोफिनॉल ब्लू थोडं बरं पडतं. पीएच मीटर असेल तर हा वादच नाही, पण मग ब्लँक पण त्याच पीएचला थांबवायचा.

इथपर्यंत तुझ्या प्रश्नाचं उत्तर झालं, पण एक गोष्ट पाकिट हातात घेऊन तपास, कारण पुढच्या वेळी वेगळी गोळी दिली तर तिथे सगळे फसतात. बॅक टायट्रेशनला कार्बोनेट ओळखता येत नाही. त्याला फक्त किती ॲसिड खाल्लं एवढंच कळतं आणि ते सगळं कार्बोनेटने खाल्लं हे आपण गृहीत धरतो. गोळीत फक्त कॅल्शियम कार्बोनेट असेल तर हे चालतं. पण समजा लेबलवर कॅल्शियम कार्बोनेट ५५० मिग्रॅ आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड ११० मिग्रॅ असं आहे, तर त्या ११० मिग्रॅला जेवढं ॲसिड लागतं ते जवळपास १८९ मिग्रॅ कार्बोनेटच्या बरोबरीचं आहे, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचं इक्विव्हॅलंट वजन २९.१६ म्हणजे कार्बोनेटपेक्षा खूप कमी म्हणून. तुझं उत्तर येईल ७३९ मिग्रॅ, तिन्ही रीडिंग अगदी सुंदर जुळतील, आणि उत्तर साफ खोटं असेल. रीडिंग जुळली म्हणजे उत्तर बरोबर असं इथे धरताच येत नाही.

आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच अँटासिड गोळ्यांमध्ये तर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतं, तिथे अजून गंमत. ॲसिडमध्ये विरघळलेलं ॲल्युमिनियम NaOH घालताना परत हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं आणि त्यात NaOH खातं, म्हणजे फिनॉल्फ्थॅलीनपर्यंत गेलास किंवा गेलीस तर ॲल्युमिनियमने खाल्लेलं ॲसिड बहुतेक परत केल्यासारखं होतं, एंड पॉइंट सरकत राहतो, रंग येतो-जातो आणि यावेळी कितीही उकळलं तरी जातोच. पांढरा चिकट साका दिसायला लागला तर हे ॲल्युमिनियम आहे, CO2 नाही. फार्मसीवाले अशा गोळ्यांची एकूण ॲसिड मारायची ताकद मोजतात तेव्हा पीएच ३.५ लाच थांबतात, अमेरिकन फार्माकोपियाच्या पद्धतीत ३० मिली १ नॉर्मल HCl मध्ये ३७ अंशांच्या आसपास १५ मिनिटं ढवळून ०.५ नॉर्मल NaOH ने पीएच ३.५ पर्यंत मागे यायचं असतं. तिथे उत्तर मिलीइक्विव्हॅलंटमध्ये देतात, मिग्रॅ कार्बोनेट म्हणून नाही, ते मुद्दाम. आणि गोळी फसफसणारी असेल तर तिच्यात सायट्रिक ॲसिड असतं, ते पण NaOH खातं, उत्तर खाली येतं.

लेबलवरचा ५०० हा आकडा पण नीट वाच. अँटासिडवर बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचंच वजन असतं, पण हाडांसाठीच्या कॅल्शियमच्या गोळीवर मोठ्या अक्षरात ५०० लिहिलेलं असतं ते एलिमेंटल कॅल्शियम, त्यासाठी कार्बोनेट लागतं १२५० मिग्रॅ, कारण कार्बोनेटमध्ये कॅल्शियम ४० टक्केच असतं. प्रॅक्टिकलला मेडिकलमधून स्वस्त पडते म्हणून तीच गोळी आणतात आणि मग उत्तर अडीचपट आलं म्हणून गोंधळ होतो. ती गोळी घेतलीस तर पूड पण त्या हिशोबानेच घ्यायची.

मिसळीची शंका असेल तर त्याच पुडीच्या दुसऱ्या वजनावर ईडीटीए टायट्रेशन कर, HCl मध्ये विरघळवून, उकळून, NaOH ने पीएच १२ च्या वर नेऊन, कॅल्शियमसाठीचा इंडिकेटर घालून. त्या पीएचला मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन बाजूला बसतं आणि फक्त कॅल्शियम मोजलं जातं. ०.०५ मोलर ईडीटीएच्या १ मिलीला पण ५.००४ मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेटच येतं, आकडा सारखाच आहे म्हणून जर्नलमध्ये कुठला कुठे लिहिला ते बघ. दोन्ही उत्तरं ५०० च्या आसपास आली तर तुझ्या गोळीत ॲसिड खाणारं दुसरं काही नाही आणि तू काढलेलं कार्बोनेट खरं. बॅक टायट्रेशन ७३९ आणि ईडीटीए ५५० आलं तर मधले १८९ कार्बोनेटचे नाहीत, ते लेबलवर बारीक अक्षरात कुठेतरी लिहिलेले असतात.